मेथी, कारलं आणि शुगरचा आकडा

जयपूरमधल्या डॉक्टरांनी मेथीवर केलेला एक छोटा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. नुकताच टाइप २ डायबेटिस निघालेले २५ रुग्ण त्यात होते. त्यांपैकी १२ जणांना मेथीच्या अर्काच्या कॅप्सूल दिल्या, दिवसाला एकूण १ ग्रॅम. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं, तर उपाशीपोटीची सरासरी शुगर १४८ वरून १२० वर आली होती. मेथीमुळे २८ चा फरक, तोही इन्सुलिन किंवा डॉक्टरी गोळी न घेता. एवढाच आकडा व्हॉट्सॲपवर फिरला असता, तर दुसऱ्या दिवशी वाण्याकडची मेथी संपली असती.

पण त्याच अभ्यासात आणखी १३ जण होते. त्यांनाही कॅप्सूल मिळत होत्या, फक्त त्यांत मेथी नव्हती. आहार सांभाळा, व्यायाम करा, हा नेहमीचा सल्ला त्यांना दिलेला होता. त्यांची उपाशीपोटीची शुगर १३७ च्या आसपास होती आणि दोन महिन्यांनी ती ११३ झाली. म्हणजे मेथी न घेता २४ ने उतरली. २८ आणि २४ यांतला फरक, तोही इतक्या थोड्या माणसांत, निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. तसं त्या डॉक्टरांनी स्वतःच नोंदवलं आहे.

मेथी आणि कारल्याबद्दल घरोघरी जे अनुभव सांगितले जातात, ते जवळपास सगळे त्या पहिल्या १२ जणांसारखे असतात. “काकांनी रोज सकाळी भिजवलेली मेथी खाल्ली आणि शुगर १९० वरून १४० वर आली.” काका खोटं बोलत नसतात. पण मेथी न खाता काकांची शुगर किती झाली असती, हे कुणीच पाहिलेलं नसतं.

ती उतरली असती याची शक्यता बरीच असते, आणि त्याला कारणं आहेत. शुगर निघाली की माणूस घाबरतो. चहातली साखर बंद होते, रात्रीचा भात कमी होतो, संध्याकाळी चालणं सुरू होतं. मेथी याच दिवसांत घरात येते, आणि सगळं श्रेय तिच्या पदरात पडतं. दुसरं कारण कमी लोकांच्या लक्षात येतं. माणूस उपाय शोधायला लागतो तो आकडा सर्वांत वाईट आलेला असतो तेव्हा. लग्नसराईनंतर, एखाद्या तापानंतर, दिवाळीनंतर. शुगर रोज थोडी वरखाली होतच असते, त्यामुळे फार चढलेल्या आकड्यानंतरची पुढची तपासणी आपोआप जरा बरी येते. म्हणूनच औषध तपासताना दुसरा गट लागतो, आणि कुणाला खरी कॅप्सूल मिळते आहे हे कुणालाच कळू द्यायचं नसतं.

जयपूरचा अभ्यास तेवढ्यावरून मेथीच्या विरोधात गेला असं मात्र नाही. ग्लुकोज पाजून दोन तासांनी मोजलेली शुगर मेथीच्या गटात २११ वरून १८१ वर आली, तर दुसऱ्या गटात ती २२० वरून २४२ वर गेली. इन्सुलिन शरीराला किती लागू पडतं याचे हिशेबही मेथीच्या बाजूने झुकले. दोन तासांच्या आकड्यांतला हा फरकसुद्धा संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, कारण माणसं फार थोडी होती. तरी हा कल उपाशीपोटीच्या नव्हे तर खाल्ल्यानंतरच्या शुगरमध्ये दिसावा, हे महत्त्वाचं आहे. मेथी काम करत असेल तर ती नेमकी तिथेच करत असणार.

त्याचं कारण मेथीदाण्यातच दिसतं. चमचाभर मेथी रात्री वाटीत भिजत घातली की सकाळी दाणे फुगलेले असतात, पाणी पिवळसर होतं आणि बोटाला बुळबुळीत चिकटपणा लागतो. तो चिकटपणा म्हणजे गॅलॅक्टोमॅनन नावाचा विरघळणारा तंतू. दाण्याच्या वजनात जवळपास निम्मा भाग तंतूंचा असतो, आणि त्यातला मोठा वाटा या चिकट तंतूचा. जेवणासोबत तो पोटात गेला की अन्नाचा लगदा घट्ट होतो, जठरातून पुढे सावकाश सरकतो आणि आतड्यात ग्लुकोज हळूहळू शोषलं जातं. जेवणानंतर शुगर एकदम चढते, तो चढ थोडा बसका होतो. मेथीत ४-हायड्रॉक्सीआयसोल्युसीन नावाचं एक अमिनो आम्लही आहे. प्रयोगशाळेत ते स्वादुपिंडाच्या पेशींना इन्सुलिन सोडायला लावतं. पण माणसाच्या शरीरात, चमचाभर मेथीतून, त्याचा हिशेब किती लागतो हे सिद्ध झालेलं नाही. तंतूंचा परिणाम मात्र साधा आणि पटण्यासारखा आहे.

यातून एक गोष्ट उघड होते. मेथीचं पाणी पिऊन दाणे टाकून देणाऱ्याच्या पोटात तंतूंचा फार थोडा भाग जातो. आणि सकाळी सहा वाजता उपाशीपोटी खाल्लेली मेथी दुपारी एक वाजता जेवलेल्या भाताला आवर घालेल, अशी अपेक्षा फारशी धरता येत नाही.

यावरचं सुरुवातीचं महत्त्वाचं भारतीय काम हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत झालं. आर. डी. शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून मेथीच्या पुडीचे प्रयोग केले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका अभ्यासात टाइप १ च्या रुग्णांना दहा दिवस मेथीची पूड जेवणात मिसळून दिली. लघवीतून चोवीस तासांत जाणारी साखर त्यामुळे ५४ टक्क्यांनी कमी झाली. हा आकडा अनेक लेखांत सापडतो. पण पुडीचं प्रमाण बहुतेक ठिकाणी गाळलेलं असतं. ते होतं दिवसाला १०० ग्रॅम, तेल काढून घेतलेल्या पुडीचं. निम्मी दुपारच्या जेवणात, निम्मी रात्रीच्या.

चहाच्या सपाट चमच्यात साधारण ४ ग्रॅम मेथीदाणे बसतात, म्हणजे १०० ग्रॅम झाले पंचवीस चमचे. फोडणीत पडणारी चिमूटभर मेथी एक ग्रॅमही भरत नाही. शर्मांच्या अभ्यासाचा दाखला देऊन “रोज अर्धा चमचा घ्या” असं सांगणारा माणूस अभ्यास एका मात्रेचा दाखवतो आणि सल्ला दुसऱ्याच मात्रेचा देतो. मेथीबद्दलच्या लिखाणातली ही सर्वांत मोठी गफलत आहे, आणि ती थांबायला हवी.

२०१४ साली काही संशोधकांनी तोपर्यंतच्या दहा चाचण्या एकत्र करून त्यांचा हिशेब मांडला. उपाशीपोटीची शुगर सरासरी १७ ने, जेवणानंतरची ३९ च्या आसपास, आणि तीन महिन्यांची सरासरी दाखवणारं एचबीए१सी ०.८५ ने कमी, असा निकाल आला. परिणाम स्पष्ट दिसला तो दिवसाला ५ ग्रॅम किंवा त्याहून जास्त मेथी दिलेल्या चाचण्यांत. वाचायला हे झकास वाटतं. ज्याचं एचबीए१सी ८.५ आहे त्याचं साडेसातच्या जवळ येणार असेल, तर ते एका बऱ्या गोळीच्या तोडीचं झालं. पण त्याच संशोधकांनी पुढे लिहिलं आहे की बहुतेक चाचण्यांचा दर्जा कच्चा होता आणि त्यांचे निकाल एकमेकांशी जुळत नव्हते. छोट्या चाचण्यांत ज्यांचा निकाल चांगला येतो त्या छापल्या जातात, ज्यांचा येत नाही त्या फायलीत राहतात, ही अडचण वेगळीच. शिवाय मेथीच्या पुडीला चव आणि वास इतका ठसठशीत आहे की ती घेणाऱ्याला आपण काय घेतोय हे कळल्यावाचून राहत नाही. ज्याला कळतं तो आहारही जास्त सांभाळतो.

२०१५ साली आणखी एक भारतीय अभ्यास प्रसिद्ध झाला. डायबेटिसच्या उंबरठ्यावर असलेल्या १४० जणांना तीन वर्षं पाहिलं गेलं. त्यांतल्या एका गटाने जेवणाआधी ५ ग्रॅम मेथीची पूड दिवसातून दोनदा घेतली. मेथी न घेणाऱ्या गटात डायबेटिस होण्याची शक्यता चौपट निघाली. आता याच्या शेजारी चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा २००६ चा अभ्यास ठेवून पाहावा. त्यात पाचशेहून जास्त माणसं होती, आहार आणि व्यायामासाठी त्यांचा नेटाने पाठपुरावा केला होता, आणि तरीही धोका सुमारे २८ टक्क्यांनीच कमी झाला. मेटफॉर्मिनने जवळपास तेवढाच. चमचाभर पुडीने या दोन्हींना इतकं मागे टाकावं हे अशक्य नाही, पण मोठ्या आणि काटेकोर चाचणीत तसं पुन्हा दिसल्याशिवाय त्यावर विसंबून राहणं योग्य नाही.

थोडक्यात, मेथीची बाजू अशी आहे. पुरेशी, म्हणजे दिवसाला ५ ते १० ग्रॅम, आणि जेवणाच्या वेळी घेतली तर जेवणानंतरची शुगर काही प्रमाणात कमी होण्याची बरीच शक्यता आहे. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे आणि बहुतेक चाचण्यांचा कल एकाच दिशेने आहे. नक्की किती कमी होते, ते मात्र भरवशाने सांगता येत नाही.

कारल्याची गोष्ट याहून अवघड आहे, आणि तिचाही एक धागा जयपूरलाच जातो. राजस्थान विद्यापीठातल्या पी. खन्ना आणि सहकाऱ्यांनी कारल्यातून पॉलिपेप्टाइड-पी नावाचं प्रथिन वेगळं काढलं आणि १९८१ साली त्याचा अहवाल छापला. माणसांना ते दिल्यावर शुगर उतरली. “कारल्यात इन्सुलिन असतं” हे वाक्य इथूनच निघालं. पण ते प्रथिन त्वचेखाली इंजेक्शनने दिलं होतं. तोंडावाटे गेलेल्या प्रथिनाचे जठरात आणि आतड्यात तुकडे होतात. इन्सुलिन आजही मुख्यतः टोचूनच का घ्यावं लागतं, याचं कारणही तेच. तेव्हा पेलाभर कारल्याचा रस प्यायल्याने ते प्रथिन रक्तात उतरेल असं या प्रयोगावरून म्हणता येत नाही. कारल्यात चॅरँटिनसारखी दुसरीही द्रव्यं आहेत आणि उंदरांवर त्यांचा परिणाम दिसतो. उंदरांवर परिणाम दाखवणाऱ्या वनस्पतींची यादी मात्र फार लांब आहे.

त्याच वर्षी, १९८१ साली, इंग्लंडमध्ये आशियाई वंशाच्या नऊ रुग्णांवर कारलं तपासलं गेलं. रस प्यायल्यावर ग्लुकोज पचवण्याची त्यांची क्षमता सुधारली. आठ ते अकरा आठवडे रोज तळलेलं कारलं खाल्ल्यावर थोडीशी सुधारणा दिसली. रोजचं कारलं होतं पाव किलोच्या जवळपास. नऊ माणसं, आणि तुलनेला दुसरा गट नाही. तरी पुढची कित्येक वर्षं या अभ्यासाचा दाखला दिला जात राहिला.

खरी कसोटी फिलिपिन्समध्ये लागली. तिथे कारल्याला अंपालाया म्हणतात आणि त्याच्या कॅप्सूलची मोठी बाजारपेठ आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या चाचणीत ४० रुग्ण होते. निम्म्यांना कारल्याच्या कॅप्सूल, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या रिकाम्या, आणि कुणाला काय मिळतंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. संशोधकांना एचबीए१सीमध्ये एका टक्क्याचा फरक अपेक्षित होता. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत फरक निघाला ०.२२, तोही योगायोगापासून वेगळा काढता न येणारा.

२०११ साली थायलंडमध्ये कारल्याची पूड थेट मेटफॉर्मिनसमोर उभी केली गेली. दिवसाला अर्धा, एक आणि दोन ग्रॅम अशा तीन मात्रा, आणि चौथ्या गटाला एक ग्रॅम मेटफॉर्मिन. चार आठवड्यांनी दोन ग्रॅमच्या गटात थोडा परिणाम दिसला, पण तो मेटफॉर्मिनहून कमी होता. खालच्या दोन्ही मात्रांना काही साधलं नाही. वैद्यकीय पुराव्यांची कठोर छाननी करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१२ साली चार चाचण्या आणि ४७९ रुग्ण तपासून निष्कर्ष काढला की कारल्याने शुगर आटोक्यात येते असं म्हणायला पुरेसा आधार नाही. नंतर, २०१९ साली, दहा अभ्यास एकत्र करणाऱ्यांना थोडा फरक सापडला. उपाशीपोटीची शुगर सुमारे १३ ने कमी, एचबीए१सी ०.२६ ने कमी, आणि पुराव्याचा दर्जा खालचा. म्हणजे ८.२ चं जेमतेम ७.९. मेटफॉर्मिनने हाच आकडा साधारण एक टक्क्याने किंवा त्याहून जास्त उतरतो.

भाजी म्हणून कारलं उत्तमच आहे. त्यात पिष्ट जवळजवळ नाही, तंतू आहेत, आणि ताटात कारल्याची भाजी वाढली की बटाट्याची जागा तेवढी कमी होते. हा फायदा खरा आहे, पण तो गवारीचा आणि दोडक्याचाही आहे. कारल्यात गूळ आणि चिंचेचा कोळ मनसोक्त घालून केलेली भाजी ‘शुगरसाठी’ म्हणून खायला मात्र काही अर्थ नाही. डिंक, तूप आणि गूळ घातलेल्या मेथीच्या लाडवाचंही तेच.

धोका भाजीत नाही, रसात आहे. सकाळी बागेबाहेर कारल्याचा आणि दुधीचा रस एकत्र करून विकला जातो, आणि घरी मिक्सरमध्येही तो होतो. दुधीत कधीकधी कुकुरबिटासिन नावाची अतिकडू विषारी द्रव्यं वाढलेली असतात. साधा दुधी चाखला तर तो कडू लागतो आणि माणूस टाकून देतो. कारल्याच्या रसात मिसळला की तो कडूपणा ओळखूच येत नाही. २०१० साली दिल्लीतल्या एका शास्त्रज्ञाचा असा एकत्र केलेला रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या समितीने बजावलं की कडू लागणारा दुधीचा रस पिऊ नये आणि दुधीच्या रसात दुसरा कुठलाही रस मिसळू नये. रस प्यायल्यावर मळमळ, उलटी, जुलाब किंवा रक्ताची उलटी झाली तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठायचा असतो.

कारल्याचे स्वतःचेही धोके आहेत. कारल्याचा काढा पाजल्यावर लहान मुलं शुगर फार उतरून बेशुद्ध झाल्याची आणि त्यांना झटके आल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांना कारल्याच्या बियांतलं व्हायसीन त्रासदायक ठरू शकतं. गरोदर बाईने कारल्याचा रस किंवा मेथीची मोठी मात्रा घेऊ नये. मेथी ही कडधान्याच्या कुळातली असल्याने शेंगदाणा किंवा हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्यांनी जपून राहावं. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

नेहमीचा प्रश्न मात्र गोळ्यांसोबत घेण्याचा असतो. १९७९ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधल्या एका बाईंची हकिकत छापून आली. त्या क्लोरप्रोपामाइड ही शुगरची गोळी घेत होत्या आणि जेवणात कारलंही खात होत्या. लघवीतली साखर कधी दिसे, कधी नाहीशी होई, आणि त्यामागे कारलं होतं. त्याच कुळातल्या ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड या गोळ्या आज आपल्याकडे सर्रास दिल्या जातात. या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना मेथीची पूड किंवा कारल्याचा रस वाढवला तर शुगर खाली जाऊ शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, डोकं सुन्न होतं. शुगर ७० च्या खाली असेल तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं. फक्त मेटफॉर्मिन घेणाऱ्याला हा धोका बराच कमी असतो. मेथीचा चिकट तंतू गोळीचं शोषणही लांबवू शकतो, म्हणून गोळी आणि मेथी यांत दोन-एक तासांचं अंतर ठेवलेलं बरं. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी तर नक्कीच.

हे सगळं कळल्यावरही ज्याला मेथी घेऊन पाहायची आहे, त्याने डॉक्टरांना सांगून घ्यावी आणि ती आपल्याला लागू पडते का हे नीट तपासावं. समजा, एका गृहस्थांचा रोजचा नाश्ता एक प्लेट पोहे आहे. त्यांनी आधी पूड अर्ध्या चमच्यापासून सुरू करून आठवडाभरात ५ ग्रॅमपर्यंत, म्हणजे सव्वा चमच्यापर्यंत न्यावी. एकदम घेतली तर पोट फुगतं, गॅस होतो, जुलाबही होतात. घामाला आणि लघवीला येणारा गोडसर वास मात्र निरुपद्रवी आहे. मग दहा दिवस तेवढेच पोहे, त्याच वेळी. एक दिवस मेथी पाण्यातून घेऊन, एक दिवस न घेता. रोज नाश्त्याआधी आणि नाश्ता सुरू केल्यापासून दोन तासांनी ग्लुकोमीटरवर शुगर पाहायची आणि दोहोंतला फरक लिहून ठेवायचा.

एका दिवसाच्या आकड्यावर विसंबायचं नाही, कारण घरच्या चांगल्या मीटरलाही १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंतची चूक माफ असते. खरी शुगर २०० असेल तर यंत्र १७० दाखवील किंवा २३०. म्हणून पाच-पाच दिवसांची सरासरी काढायची. मेथीविना शुगर सरासरी ८० ने चढत असेल आणि मेथीसह ५५ ने, आणि पाचपैकी चार दिवस तोच कल असेल, तर त्यात काही तथ्य आहे. ८० ऐवजी ७४ आले, तर त्याचा काही अर्थ लावता येत नाही.

चालू गोळ्या मात्र या काळात स्वतःहून कमी करायच्या नाहीत. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, म्हणून एचबीए१सीमध्ये खरा बदल दिसायला तीन महिने जातात. तोपर्यंत आहार, चालणं आणि मेथी यांची नोंद वहीत ठेवली आणि ती वही डॉक्टरांसमोर ठेवली, तर गोळीची मात्रा बदलायची की नाही हे त्यांना आकड्यांवरून ठरवता येतं.